विडी-सिगारेट ओढणाऱ्याचा आवाज बसला, तर किती दिवस थांबायचं?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. विडी, सिगारेट, चिलीम यांपैकी काहीही ओढणाऱ्या माणसाचा आवाज बदलला आणि तीन आठवड्यांत पूर्ववत झाला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरयंत्र बघून घ्यायचं. घसा दुखत नसला, ताप नसला, जेवण नीट जात असलं, तरीही. सर्दी-खोकल्याने बसलेला घसा साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत सुटतो, म्हणून ही मुदत. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना इतरांना चार आठवडे देतात. पण माणूस तंबाखू ओढणारा असेल, तर आठवडे मोजत न बसता लवकर तपासा, असं त्याच सूचना सांगतात.

अडचण अशी की धूम्रपान करणाऱ्याजवळ घोगऱ्या आवाजाचं कारण तयारच असतं. ‘विडी ओढतो, आवाज असाच राहणार.’ वीस वर्षं घरच्यांनी ऐकलेला तो खरखरीत आवाज आणखी थोडा बिघडला, तर कोणाच्या लक्षात येत नाही. आलं तरी खडीसाखर, ज्येष्ठमध, मिठाच्या गुळण्या यांत दोन-तीन महिने सहज जातात. शरीरातल्या बहुतेक कर्करोगांना सुरुवातीला आवाज नसतो, ते गुपचूप वाढतात. स्वरतंतूवरचा कर्करोग मात्र दोन-तीन मिलिमीटरचा असतानाच बोलण्यातून कळू लागतो. तरीही तो उशिरा सापडतो, हे मला यातलं सगळ्यात चटका लावणारं वाटतं.

तो इतक्या लवकर का कळतो, हे समजण्यासाठी स्वरतंतूची रचना थोडी बघावी लागते. पुरुषांच्या गळ्यात पुढे जे हाड वर आल्यासारखं दिसतं, ती खरं तर कूर्चा असते. तिच्या मागे दोन स्वरतंतू पुढून मागे आडवे असतात. पुढच्या टोकाला ते जोडलेले असतात, मागे उघडतात आणि मिटतात. पुरुषांमध्ये त्यांची लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर, बायकांमध्ये त्याहून कमी. श्वास घेताना ते बाजूला होतात. बोलताना जवळ येतात आणि फुप्फुसातून येणाऱ्या हवेने थरथरतात. पुरुषाच्या साध्या बोलण्यात सेकंदाला शंभर ते सव्वाशे वेळा, बाईच्या बोलण्यात सुमारे दोनशे वेळा.

थरथरतो तो सगळा तंतू नव्हे. आत स्नायू असतो, बाहेर पातळ, ओलसर त्वचा असते आणि या दोन्हींच्या मधे एक मऊ, लिबलिबीत थर असतो. त्या मऊ थरामुळे वरची त्वचा स्नायूवर सैल राहते आणि तिच्यावरून लाट सरकते. आवाजाचा गुळगुळीतपणा या लाटेवर अवलंबून असतो. त्वचेवर काही उगवलं, किंवा ती खालच्या थराला चिकटली, की लाट तिथे अडते. दोन्ही तंतू नीट मिटत नाहीत, फटीतून हवा निसटते आणि आवाज घोगरा होतो.

धुराचा पहिला परिणाम होतो तो मधल्या मऊ थरावर. वर्षानुवर्षं चटके बसून तिथे द्रव साठतो आणि दोन्ही स्वरतंतू पाण्याने भरलेल्या फुग्यांसारखे सुजतात. याला रायंकेची सूज म्हणतात, आणि ती जवळपास फक्त धूम्रपान करणाऱ्यांमध्येच दिसते. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावली की त्याचा नाद खाली उतरतो, कारण पडद्याचं वजन वाढतं. इथेही तेच होतं. तंतू जड झाले की सावकाश थरथरतात आणि आवाज खोल जातो. पुरुषात हे फारसं कुणाच्या कानावर येत नाही. बाईच्या बाबतीत मात्र फोनवर पलीकडचा माणूस तिला ‘सर’ म्हणू लागतो. ही सूज स्वतः कर्करोग नाही आणि तिचं कर्करोगात रूपांतर होणं विरळा. मात्र या माणसाच्या स्वरतंतूंवर भरपूर धूर गेला आहे, एवढं तिच्यावरून नक्की कळतं. त्यामुळे बघून घेतल्याशिवाय ‘सूजच असेल’ असं म्हणता येत नाही.

दुसरा बदल वरच्या त्वचेत होतो. धुराशी झुंजताना तिच्या पेशी जाड होत जातात आणि तिच्यावर पांढरा, निस्तेज चट्टा दिसू लागतो. दुर्बिणीतून तो सहज दिसतो, पण तो कोणत्या जातीचा आहे हे नुसतं बघून सांगता येत नाही. कितीतरी चट्ट्यांमध्ये पेशी फक्त जाड झालेल्या असतात, बिघडलेल्या नसतात. काहींमध्ये पेशींची रचना बिघडायला लागलेली असते: सौम्य, मध्यम किंवा तीव्र. काहींमध्ये कर्करोग सुरूही झालेला असतो. या तिन्ही अवस्थांमध्ये माणसाचा आवाज सारखाच घोगरा असू शकतो. त्यामुळे आवाज ऐकून निदान करणारा कोणी भेटला, तर त्याच्यावर फार भरवसा ठेवू नये, मग तो कितीही अनुभवी असो.

स्वरतंतूवरच्या कर्करोगाची आणखी एक बाजू रुग्णाच्या फायद्याची आहे. स्वरतंतूत लसवाहिन्या फार कमी असतात. त्यामुळे गाठ तंतूपुरती असेपर्यंत ती मानेतल्या लसग्रंथींमध्ये सहसा पोहोचत नाही. लवकर कळतो आणि पसरायला वेळ घेतो, अशी जोडी कर्करोगात क्वचितच मिळते.

मात्र हे फक्त स्वरतंतूंना लागू आहे. त्यांच्या वरच्या भागात, स्वरयंत्राच्या झाकणाच्या आसपास, सुरू झालेल्या कर्करोगाचं वागणं वेगळं असतं. तिथे लसवाहिन्यांचं दाट जाळं आहे आणि तंतू मोकळे असल्याने आवाज बराच काळ ठीक राहतो. घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, गिळताना एकाच ठिकाणी टोचतं, आवाज घोगरा न होता दबका, घोटल्यासारखा होतो. कधीकधी एकाच कानात दुखतं आणि कान तपासला तर त्यात काहीच सापडत नाही, कारण स्वरयंत्राची आणि कानाची संवेदना वाहून नेणारी एक नस सामाईक आहे. बऱ्याच वेळा पहिली खूण म्हणजे मानेतली न दुखणारी गाठ. ‘आवाज चांगला आहे म्हणजे घसा चांगला आहे’ असा हिशोब ओढणाऱ्याने करू नये, तो या भागामुळे.

आता कोणत्या बदलांना तीन आठवडेही द्यायचे नाहीत ते पाहू. श्वास आत घेताना घर्र किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल आणि दम लागत असेल, तर ती तातडीची बाब आहे. त्याच दिवशी, रात्र असली तरी मोठ्या रुग्णालयात जायचं, कारण वाट अरुंद होत चालली आहे. थुंकीतून रक्त येणं, गिळताना अडकणं, मानेत गाठ लागणं, कारण नसताना वजन उतरणं, एकाच बाजूचा कान दुखत राहणं, यांपैकी काहीही घोगऱ्या आवाजाच्या जोडीला असेल, तर त्याच आठवड्यात तपासणी व्हायला हवी.

आवाजाचा एक बदल फसवा असतो, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. काहींचा आवाज खरखरीत न होता एकदम अशक्त होतो, हवा मिसळल्यासारखा. मोठ्याने हाक मारता येत नाही, खोकल्यात जोर राहत नाही, पाणी पिताना ठसका लागतो. इथे तंतूवर काही उगवलेलं नसतं. एक तंतू लुळा पडलेला असतो. डाव्या तंतूला हलवणारी नस मेंदूकडून थेट स्वरयंत्रात येत नाही. ती आधी छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि परत वर येते. त्या वळणाजवळ फुप्फुसाची किंवा लसग्रंथीची गाठ वाढली, तर नस दबते आणि छातीतल्या आजाराची पहिली बातमी घशातून येते. म्हणून ओढणाऱ्याचा तंतू लुळा दिसला, की डॉक्टर मानेपासून छातीपर्यंतचा सीटी स्कॅन सांगतात. ‘घशासाठी आलो आणि छातीचा स्कॅन का?’ असं रुग्णाला वाटतं, त्यामागचं कारण हे आहे.

आणि ज्याचा आवाज मुळातच वीस वर्षांपासून खराब आहे, त्याने बदल ओळखायचा कसा? एक साधी युक्ती आहे. मोबाइलमध्ये सहा महिन्यांपूर्वी पाठवलेला व्हॉइस मेसेज शोधून ऐकायचा आणि आज तेच वाक्य बोलून रेकॉर्ड करायचं. आपलं आपल्याला कळत नसेल, तर परगावी राहणाऱ्या मुलीला किंवा भावाला ऐकवायचं. रोज सोबत राहणाऱ्यांच्या कानाला सवय झालेली असते, फोनवर ऐकणाऱ्यांना फरक लगेच जाणवतो. खूप बोलल्यावर संध्याकाळी बसणारा आणि सकाळी सुटणारा आवाज सहसा ताणामुळे असतो. ज्याला चांगला दिवस असा येतच नाही आणि जो महिन्यागणिक उतरत जातो, त्या आवाजाबद्दल जास्त शंका घ्यावी. हा ठोकताळा आहे, एवढ्यावर तपासणी टाळता येत नाही.

पुढची पायरी एका उदाहरणातून पाहू. माणूस काल्पनिक आहे, क्रम मात्र नेहमीचा. सिन्नरकडचे एक टेम्पोचालक, वय ५६. तीस वर्षांहून अधिक काळ रोज विडीचं एक बंडल, आणि आठवड्यातून तीन-चार वेळा दारू. तंबाखूचा धूर आणि दारू एकत्र असली, की स्वरयंत्राच्या कर्करोगाचा धोका दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त वाढतो. विडी सिगारेटपेक्षा लहान म्हणून सौम्य, हा समजही चुकीचा आहे. तेंदूच्या पानातून हवा कमी खेळते, विडी विझू नये म्हणून वारंवार आणि जोरात ओढावी लागते, आणि धूर खोलवर जातो.

यांचा आवाज गणपतीच्या सुमारास बसला. आरत्यांमुळे असेल, असं सगळ्यांनी धरलं. गावातल्या डॉक्टरांनी पाच दिवस अँटिबायोटिक दिलं, फरक पडला नाही. मग पित्ताच्या गोळ्या झाल्या, महिनाभर. दिवाळीत पुण्याहून आलेल्या मेहुण्याने म्हटलं, “दाजी, फोनवर तुमचा आवाज मला ओळखूच आला नव्हता.” तेव्हा ते तज्ज्ञाकडे गेले. अडीच महिने गेले होते. यात डॉक्टरांनी मुद्दाम काही चुकवलं असं नाही. पण स्वरयंत्र न बघता घोगऱ्या आवाजाला अँटिबायोटिक, स्टेरॉइड किंवा पित्ताच्या गोळ्या देत राहू नये, असं आज स्पष्टपणे सांगितलं जातं. औषध निरुपयोगी ठरतं हे एक, आणि त्याच्या नादात आठवडे निघून जातात हे त्याहून वाईट.

दुर्बिणीच्या तपासणीची लोकांना उगाच भीती असते. नाकात बधिर करणारा स्प्रे मारतात, थोडी कडवट चव घशात उतरते. मग तीन-चार मिलिमीटर जाडीची लवचीक नळी नाकातून घशापर्यंत नेतात. तिच्या टोकाला प्रकाश आणि कॅमेरा असतो. ती स्वरतंतूंच्या वरच थांबते. ‘ई म्हणा’, ‘श्वास घ्या’, ‘गिळा’ असं डॉक्टर सांगतात आणि तंतू मिटताना, उघडताना पडद्यावर दिसतात. भूल लागत नाही, काही मिनिटांत काम होतं आणि माणूस स्वतः गाडी चालवत घरी जाऊ शकतो. काही ठिकाणी लुकलुकत्या प्रकाशाची तपासणीही असते. त्यात तंतूंवरची लाट संथ गतीत दिसते आणि ती नेमकी कुठे अडते ते कळतं. रक्त तपासून, सोनोग्राफी करून किंवा साधा एक्सरे काढून हे समजत नाही. स्कॅनही बघण्याच्या आधी नव्हे, नंतर करायचा असतो.

टेम्पोचालकांच्या डाव्या तंतूच्या मधल्या भागात खडबडीत पांढरा चट्टा दिसला. तंतू दोन्ही बाजूंना नीट हलत होता. हे हलणं महत्त्वाचं, कारण रोगाची पायरी बरीचशी त्यावर ठरते. रोग तंतूंपुरता आणि हालचाल शाबूत असेल तर पहिली पायरी, रोग वर-खाली सरकला किंवा हालचाल मंदावली तर दुसरी, तंतू जागीच थिजला तर तिसरी, आणि कूर्चा भेदून रोग बाहेर गेला तर चौथी.

पुढे पूर्ण भूल देऊन, सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा काढून तपासायला पाठवतात. ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की काही जण इथून परत जातात. तुकडा काढल्याने हा रोग पसरत नाही. आणि तो न काढता उपचार सुरूच करता येत नाहीत, कारण दिसायला कर्करोगासारखा असणारा स्वरयंत्राचा क्षयरोग आपल्या देशात आजही आढळतो आणि त्याचे उपचार सर्वस्वी वेगळे आहेत.

तुकड्याची खरी अडचण दुसरीच आहे. अहवालात ‘कर्करोग नाही’ असं आलं, तर त्याचा अर्थ ‘या तुकड्यात नाही’ एवढाच असतो. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण जर्मनीच्या राजघराण्यातलं आहे. युवराज फ्रेडरिक हा पाइप ओढण्यात बुडालेला माणूस. १८८७च्या जानेवारीत त्याचा आवाज बसला. मार्चमध्ये डॉ. गेरहार्ट यांना डाव्या स्वरतंतूवर छोटी गाठ दिसली. त्यांनी ती तापलेल्या तारेने अनेकदा जाळली, ती पुन्हा आली. मे महिन्यात बर्लिनच्या शल्यविशारदांनी कर्करोग असल्याचं मत दिलं आणि गळा उघडून शस्त्रक्रिया करण्याचं ठरवलं. त्याआधी लंडनहून मोरेल मॅकेंझी या नामवंत तज्ज्ञाला बोलावलं गेलं. त्याने आग्रह धरला की आधी तुकडा तपासू. तत्त्व म्हणून हे अगदी योग्य होतं. तुकडे गेले रुडॉल्फ फिरखो यांच्याकडे, म्हणजे त्या काळातल्या पेशीविज्ञानाच्या सर्वांत मोठ्या माणसाकडे. त्यांना त्यात कर्करोग सापडला नाही. शस्त्रक्रिया रद्द झाली. नोव्हेंबरपर्यंत गाठ इतकी वाढली की शंकेला जागा उरली नाही. फेब्रुवारी १८८८मध्ये श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडावं लागलं, मार्चमध्ये तो सम्राट झाला आणि ९९ दिवस राज्य करून १५ जूनला गेला. एवढा काळ त्याला बोलता येत नव्हतं, चिठ्ठ्या लिहून कारभार चालत असे.

इतिहासकार या वैद्यकीय भांडणावर आजही वाद घालतात. आपल्या कामाचा भाग एवढाच की दिसणं आणि अहवाल जुळत नसतील, किंवा ‘काही नाही’ म्हटल्यावरही आवाज बिघडतच असेल, तर पुन्हा बघायचं आणि गरज पडली तर पुन्हा, अधिक खोलवरचा तुकडा घ्यायचा. जाड चट्ट्याच्या वरवरच्या भागात नुसत्या जाड पेशी मिळतात आणि खरा रोग खाली राहून जातो.

आपल्या टेम्पोचालकांच्या अहवालात कर्करोग आला, पण एकाच तंतूपुरता, म्हणजे पहिल्या पायरीचा. इथे दोन मार्ग असतात. एक, तोंडातून लेझरने तेवढा भाग काढणं. गळ्यावर टाका नाही, एक-दोन दिवसांत घरी. दुसरा, रेडिएशन, म्हणजे लोक ज्याला शेक किंवा लाइट म्हणतात ते. आठवड्यातले पाच दिवस, साधारण साडेपाच आठवडे. या पायरीवर दोन्हींनी दहातले सुमारे नऊ जण बरे होतात आणि स्वरयंत्र जागेवर राहतं. कोणता मार्ग घ्यायचा हे रोग तंतूच्या पुढच्या टोकाला किती चिकटला आहे, रुग्णाला रोज ये-जा करणं जमेल का, आवाज त्याच्या कामासाठी किती गरजेचा आहे, अशा गोष्टींवर ठरतं. तोच रोग तिसऱ्या-चौथ्या पायरीवर सापडला, तर रेडिएशन आणि केमोथेरपी एकत्र द्यावी लागते, किंवा स्वरयंत्र पूर्ण काढावं लागतं. मग श्वास कायमचा मानेवरच्या छिद्रातून घ्यावा लागतो आणि बोलण्यासाठी घशात बसवलेली छोटी झडप वापरायला शिकावं लागतं. लोक शिकतातही आणि पुन्हा दुकानावर बसतात. पण अडीच महिन्यांच्या जागी दीड वर्ष गेलं असतं, तर चर्चा इथे आली असती.

खर्चाच्या धास्तीने थांबणाऱ्यांसाठी सांगतो, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभागात ही तपासणी होते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या यादीतल्या रुग्णालयांत कर्करोगाचे उपचारही योजनेत बसतात.

निदान झाल्यावर ‘आता सोडून काय उपयोग’ असं म्हणून ओढणं चालू ठेवणारे बरेच असतात. उपयोग असतो. रेडिएशन चालू असताना ओढलं, तर घशाची जळजळ वाढते, उपचाराचा परिणाम घटतो आणि आवाज कमी सुधारतो. रायंकेच्या सुजेवर शस्त्रक्रिया केली आणि विडी चालू राहिली, तर सूज परत येते. सोडायला मदत हवी असेल, तर १८००-११२-३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे. सोडल्याबरोबर धोका शून्यावर येत नाही, तो वर्षानुवर्षं हळूहळू उतरतो. म्हणून पाच वर्षांपूर्वी सोडलेल्यालाही तीन आठवड्यांचा नियम लागू आहे.

उपचारानंतर पहिल्या वर्षी एक ते तीन महिन्यांनी दुर्बिणीने पुन्हा बघतात, दुसऱ्या वर्षी थोड्या लांबच्या अंतराने, आणि हे पाच वर्षं चालतं. रेडिएशननंतर आवाज काही महिने बसलेला राहतो आणि मग सुधारतो, यात घाबरण्यासारखं नाही. सुधारलेला आवाज पुन्हा बिघडू लागला, तर मात्र पुढच्या तारखेची वाट न बघता जायचं. आणि ज्या धुराने स्वरतंतू बिघडले तोच फुप्फुसांतही गेलेला असतो, म्हणून या भेटींमध्ये खोकला, थुंकीतलं रक्त आणि उतरणारं वजन यांचीही आठवणीने माहिती द्यायची, डॉक्टरांनी विचारलं नाही तरी.